बाथरूमचे दार आत उघडावे की बाहेर?

पहाटेचे साडेचार. घरातले बहात्तरीचे आजोबा लघवीला उठतात. थोड्या वेळाने बाथरूममधून धप्पकन आवाज येतो. मुलगा धावत जातो. आजोबांनी कडी लावलेली नाही, त्यामुळे दार चार बोटे उघडते आणि तिथेच अडते. दारामागे आजोबांचा खांदा आहे. जोर लावावा तर दाराची कड त्यांच्याच डोक्यात बसणार, न लावावा तर आत शिरणार कसे? असा प्रसंग कुठल्याही घरात घडू शकतो. त्यात चूक आजोबांची नसते, कडीचीही नसते. दार आतल्या बाजूला उघडते, एवढेच कारण असते.

शहरातल्या फ्लॅटमधले संडास-बाथरूम साधारण चार फूट रुंद आणि सात फूट लांब असते. चार फुटांच्या भिंतीत २७ इंची दार, एका लांब भिंतीला वॉशबेसिन आणि कमोड, पलीकडच्या टोकाला आंघोळीची जागा, ही नेहमीची मांडणी. कमोड भिंतीपासून सव्वादोन फूट तरी पुढे येतो, म्हणजे त्याच्या समोर जेमतेम पावणेदोन फुटांची पट्टी उरते. जरा मोकळी म्हणावी अशी जमीन दारापाशीच असते आणि आत उघडणारे दार नेमकी तीच जमीन व्यापते.

आता हिशेब करून पाहू. बाथरूमची लांबी ८४ इंच. दार पूर्ण उघडायला आत २७ इंच जागा हवी. पलीकडच्या भिंतीपर्यंत उरतात ५७ इंच, म्हणजे पावणेपाच फूट. पाच फूट पाच इंच उंचीचा माणूस पलीकडच्या भिंतीला पाय टेकवून सरळ आडवा झाला, तरी त्याचे डोके आठ इंच दाराच्या वाटेत येते. प्रत्यक्षात पडलेला माणूस असा सरळ पडत नाही. कमोडवरून उठताना तोल गेला तर तो मोकळ्या जागेकडे, म्हणजे दाराकडेच कोसळतो. पाठ दाराला आणि पाय भिंतीला किंवा कमोडला, अशा स्थितीत तो पाचरीसारखा अडकतो. मग बाहेरून दोघांनी ढकलले तरी दार हलत नाही.

बाथरूममध्येच माणसे का कोसळतात, यालाही कारणे आहेत. झोपेतून एकदम उठून उभे राहिले की रक्त पायांकडे उतरते आणि रक्तदाब घसरतो. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी ही घसरण वाढते. पुरुषांना रात्री उभ्याने लघवी करताना किंवा त्यानंतर लगेच घेरी येऊ शकते. शौचाला जोर करताना हृदयाकडे परतणारे रक्त क्षणभर कमी होते. कढत पाण्याच्या आंघोळीने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या पसरतात आणि दाब आणखी उतरतो. साध्या घेरीत माणूस सपाट आडवा झाला की मेंदूला पुन्हा रक्त मिळते आणि तो मिनिटभरात शुद्धीवर येतो. अरुंद बाथरूममध्ये मात्र तो अर्धवट बसल्या अवस्थेत, मान वाकडी होऊन अडकू शकतो. अशा वेळी त्याला लवकर आडवे करणे, श्वासाची वाट मोकळी ठेवणे हाच पहिला उपचार असतो.

हृदयच थांबले असेल तर वेळ फारच थोडा असतो. छातीवर दाब देणे सुरू झाले नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. गॅस गिझर बाथरूममध्येच बसवलेला असेल आणि हवा खेळती नसेल, तर कार्बन मोनॉक्साइड साठून माणूस बेशुद्ध होतो. या वायूला ना रंग ना वास, त्यामुळे तिथेही दार लगेच उघडणे हाच उपाय. मांडीचे हाड मोडून माणूस तास-दोन तास फरशीवर पडून राहिला, तर दबलेल्या स्नायूंना इजा होऊन मूत्रपिंडांवर ताण येतो आणि ओल्या फरशीने अंग गार पडते. दारापाशी गेलेला वेळ असा प्रत्येक बाबतीत महाग पडतो.

दार बाहेरच्या बाजूला उघडणारे असेल, तर आत कोण कसे पडले आहे याने फरक पडत नाही. दार ओढले की उघडते. आणखी एक फायदा सहसा लक्षात येत नाही. बाहेर उघडणाऱ्या दाराच्या बिजागऱ्या बाहेरून दिसतात. आतून कडी लागलेली असली, तरी नेहमीच्या बिजागरीचा खिळा खालून ठोकून वर काढता येतो आणि दार बिजागरीच्या बाजूने मोकळे होते. आत उघडणाऱ्या दाराच्या बिजागऱ्या आत असतात, तिथे हा मार्ग बंद. अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहांचे दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे, असे सार्वजनिक इमारतींबाबतची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात ते यामुळेच.

मग बांधकाम व्यावसायिक दार आत का उघडतात? कारण बाहेर तीन फुटांचा पॅसेज असतो. २७ इंची दार त्यात उघडले की नऊ इंच वाट उरते. येणाऱ्याजाणाऱ्याला दार लागते, शेजारच्या बेडरूमच्या दारावर ते आदळते. शिवाय आंघोळीनंतर दारावरचे पाणी पॅसेजमध्ये निथळते आणि तिथे कुणी घसरू शकते. यावर उपाय आहेत. बिजागऱ्या अशा बाजूला घ्याव्यात की दार पूर्ण फिरून बाहेरच्या भिंतीला टेकेल. दाराच्या आतल्या अंगाला तळाशी पाणी अडवणारी रबरी पट्टी लावावी. जुन्या लाकडी चौकटीत दार बसायची खाच आतल्या बाजूला असते, त्यामुळे नुसत्या बिजागऱ्या उलट बाजूला लावून भागत नाही. सुताराला ती खाच पट्टीने भरून दार बाहेरच्या बाजूने टेकेल अशी नवी पट्टी ठोकावी लागते. ग्रॅनाइटच्या चौकटीत नवीन छिद्रे पाडावी लागतात. तरीही फरशा न फोडता होणारे हे काम आहे.

पॅसेज फारच अरुंद असेल तर सरकते दार विचारात येते. ते ना आत जागा खाते ना बाहेर, आणि पडलेल्या माणसाला न ढकलता बाजूला जाते. त्याला हवी असते ती शेजारी दाराएवढी मोकळी भिंत. त्या २७-२८ इंचांत दिव्याची बटणे किंवा दुसरे दार असेल, तर बेत तिथेच फसतो. चाके वरच्या पट्टीत असलेले, लटकते दार घ्यावे. खालच्या रुळात साबण आणि केस अडकतात, आणि म्हाताऱ्या माणसाचा पायही. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने किंवा समुद्राकाठच्या हवेने चाके गंजली की दार अडकू लागते. रोज हिसका देऊन उघडावे लागणारे सरकते दार ऐनवेळी उघडेल, यावर विसंबू नये. भिंत आणि दार यांच्यात फट राहते, त्यामुळे आवाज आणि वास बाहेर येतो, हे घरच्यांनी आधीच मान्य केलेले बरे.

घडीच्या दारांचे दोन प्रकार आहेत. प्लास्टिकच्या अरुंद पट्ट्यांचे, पडद्यासारखे एका बाजूला गोळा होणारे दार स्वस्त असते आणि ऐनवेळी ओढून तोडताही येते. पण त्याच्या घड्या उघडलेल्या जागेतच साचतात आणि तीन-चार इंच वाट कमी होते. २७ इंचांत तेवढे गेले की माणसाला उचलून बाहेर काढताना ते जाणवते. दुसरा प्रकार दोन फळ्यांचा, मधोमध दुमडणारा. तो आत दुमडला तर २७ऐवजी साडेतेरा इंच जागा घेतो. अडचण निम्मी होते, संपत नाही. माणूस दाराला टेकून पडला असेल तर हे दारही अडते. म्हणून ते बाहेर दुमडणारे घ्यावे.

सरकत्या आणि घडीच्या दारांचा एक धोका वेगळाच आहे. कमोडवरून उठताना म्हातारी माणसे हाताला लागेल ते धरतात. साध्या दाराचे हँडल धरायची सवय असेल, तर ही दारे हाताबरोबर सरकतात आणि माणूस पडतो. असे दार बसवायचे असेल, तर कमोडशेजारच्या भिंतीत पक्का आधाराचा दांडाही त्याच दिवशी बसवावा.

दार कुठलेही असले, तरी कडी बाहेरून उघडता आली पाहिजे. वर आणि खाली असे दोन बोल्ट असलेले बाहेर उघडणारे दार, साध्या कडीच्या आत उघडणाऱ्या दाराइतकेच अडचणीचे. बाथरूमसाठी मिळणाऱ्या काही लॅचना बाहेरच्या बाजूला नाणे बसेल अशी खाच असते. नाणे घालून फिरवले की आतली खिटी सुटते. सरकत्या दारासाठी आकडीचे असेच लॅच मिळते. ‘कडी लावू नका’ असे आजी-आजोबांना सांगणे सोपे असते, पण भरल्या घरात कडी न लावता आंघोळ करणे त्यांना जमत नाही. बाहेरून उघडणाऱ्या लॅचमुळे त्यांचा आडपडदाही राहतो.

दार बदलणे लगेच शक्य नसेल, तर निदान प्रसंग आल्यावर काय करायचे ते घरात ठरलेले असावे. एकाने १०८ला फोन करावा, दुसऱ्याने गिझर आणि गॅस बंद करावा. आतला माणूस शुद्धीवर असेल तर त्याला पाय दुमडून दारापासून सरकायला सांगावे. दाराला धडका देऊ नयेत, कडीच्या बाजूने हळूहळू दाब वाढवत न्यावा. तरीही दार हलले नाही तर वरचा अर्धा भाग फोडावा, कारण माणूस खाली असतो. पीव्हीसीचे दार पोकळ असते, ते हातोडीने लवकर फुटते.

आपल्या घरातले दार कसे वागेल, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. बाथरूमची फरशी कोरडी करून घरातल्या धडधाकट माणसाने दाराला पाठ आणि समोर जे काही येईल त्याला पाय टेकवून बसावे. दुसऱ्याने बाहेरून सावकाश ढकलून पाहावे. दार किती बोटे उघडले ते मोजावे. त्या फटीतून घरातला सर्वांत सडपातळ माणूसही आत जाऊ शकत नसेल, तर सुताराला बोलवायला हरकत नाही.