'पासून'चे दोन तुकडे : इंग्रजी मुलाखतीचा सराव

इंग्रजी मुलाखतीच्या सरावात उत्तर चालू असताना चूक दाखवली, तर बोलणाऱ्याचा धागा तुटतो. म्हणून उत्तर पूर्ण होऊ द्यायचे, सराव घेणाऱ्याने चुका टिपून ठेवायच्या आणि उत्तर संपताच त्या मराठीतून समजावायच्या. बऱ्याच चुकांचे मूळ मराठी वाक्यरचनेत असते, त्यामुळे मराठीतून सांगितल्यावर त्या लवकर कळतात.

सांगलीचा एक बी.कॉम. झालेला मुलगा पुण्यात अकाउंट्सच्या नोकरीसाठी तयारी करतो आहे, असे समजू. पहिला प्रश्न ठरलेलाच असतो: "टेल मी अबाउट युवरसेल्फ." त्याचे उत्तर: "मायसेल्फ फ्रॉम सांगली. आय हॅव कम्प्लीटेड बी.कॉम. इन 2022. आय ॲम वर्किंग इन अकाउंट्स सिन्स टू इयर्स."

पहिली दुरुस्ती छोटी आहे. 'मायसेल्फ'ने ओळख सुरू होत नाही. "आय ॲम फ्रॉम सांगली" म्हणायचे. दुसऱ्या वाक्यात 2022 हे साल दिले आहे. घटना केव्हा घडली हे सांगितले, की 'हॅव' जातो आणि साधा भूतकाळ येतो: "आय कम्प्लीटेड बी.कॉम. इन 2022."

तिसऱ्या वाक्याला जास्त वेळ द्यावा लागतो. मराठीत '2022पासून' आणि 'दोन वर्षांपासून' या दोन्हींना एकच 'पासून' पुरतो. इंग्रजीत त्याचे दोन तुकडे होतात: सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स', मधला काळ मोजायचा तर 'फॉर'. शिवाय 'करतोय'चे थेट भाषांतर 'आय ॲम वर्किंग' होते. पण काम मागे सुरू होऊन अजून चालू असेल, तर इंग्रजीला "आय हॅव बीन वर्किंग इन अकाउंट्स फॉर टू इयर्स" असे वाक्य लागते.

एका उत्तरामागे दोन-तीन दुरुस्त्या पुरे. अर्थ बिघडवणाऱ्या चुका आधी घ्यायच्या. मराठी वळणाचा उच्चार समजत असेल तर तो तसाच राहू द्यायचा. समजावून झाले की तेच उत्तर लगेच पुन्हा बोलायला लावायचे. नुसते "कळलं" म्हटल्याने जीभ वळत नाही.

चूक खरोखर गेली का, हे दुसऱ्या दिवशी प्रश्न बदलून तपासता येते: "हाऊ लाँग हॅव यू बीन इन युवर प्रेझेंट जॉब?" पाठ केलेले उत्तर इथे अडखळते. नियम कळलेला मुलगा "फॉर टू इयर्स" म्हणतो आणि पुढच्याच वाक्यात "सिन्स जून" असेही बरोबर सांगतो.

या सरावाने भाषा सुधारते. जीएसटी किंवा बँक रिकन्सिलिएशनचे ज्ञान त्यातून मिळत नाही. ती तयारी वेगळी करावी लागते.