तिथीचा वाढदिवस कोणत्या तारखेला?
(पंचांग समजून घेताना : भाग ७)

मागच्या भागात आपण तिथी म्हणजे काय ते पाहिले. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते आणि दुसरी लागते, आणि हे दिवसाच्या किंवा रात्रीच्या कोणत्याही वेळी घडू शकते. आता त्याचा रोजच्या व्यवहारातला उपयोग पाहू. अनेक घरांत मुलांचे औक्षण अजून तिथीने होते आणि दरवर्षी कॅलेंडर उघडून ‘यंदा कधी येतोय?’ असा शोध सुरू होतो. या शोधात होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे, असे माझे म्हणणे आहे. जन्माची तिथी ठरवणे आणि त्या तिथीचा दिवस ठरवणे ही दोन वेगळी कामे आहेत, त्यांचे नियमही वेगळे आहेत. आपण मात्र दोन्ही कामे कॅलेंडरच्या एकाच चौकोनाकडे पाहून उरकतो.

उदाहरण म्हणून असे धरू की एका मुलीचा जन्म २६ ऑगस्ट २०२५ रोजी संध्याकाळी सात वाजता मुंबईत झाला. त्या दिवशी हरतालिका होती आणि कॅलेंडरच्या चौकोनात भाद्रपद शुद्ध तृतीया छापलेली होती. घरातले लोक तृतीया लिहून ठेवतात आणि चूक तिथेच होते. चौकोनातली तिथी ही सूर्योदयाला चालू असलेली तिथी असते. त्या दिवशी तृतीया दुपारी दोनच्या सुमारास संपली होती, म्हणजे मुलगी जन्मली तेव्हा चतुर्थी लागून पाच तास होत आले होते. तिची जन्मतिथी भाद्रपद शुद्ध चतुर्थी. तिथी किती वाजता संपते ते पंचांगात दिलेले असते आणि जन्मवेळ त्याच्याशी ताडून पाहायला मिनिटभरही लागत नाही. यावर कोणी म्हणेल की दिवसाला सूर्योदयाची तिथी द्यायची ही परंपराच आहे, मग जन्मालाही तीच का नको? उत्तर असे की ती सोय संपूर्ण दिवसाला एक नाव देण्यासाठी आहे. जन्म हा क्षण आहे. जन्मपत्रिकेत नक्षत्र आणि लग्न जन्मवेळेचे धरायचे आणि तिथी मात्र पहाटेची घ्यायची, यात मेळ बसत नाही.

आता पुढचे वर्ष. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते, म्हणून तिथी दरवर्षी अकरा दिवस अलीकडे येते, असा एक हिशेब अनेकांच्या तोंडी असतो. तो लावला तर २०२६ मध्ये वाढदिवस १५ ऑगस्टच्या आसपास यायला हवा. पण तेव्हा श्रावण असेल. १७ ऑगस्टला तर नागपंचमी आहे. कारण २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे आणि त्यापुढचे सगळे महिने एकेका महिन्याने पुढे ढकलले गेले आहेत. त्यामुळे भाद्रपद शुद्ध चतुर्थी अकरा दिवस अलीकडे न येता अडीच-तीन आठवडे पुढे जाते. अधिक महिना साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो, म्हणून हा हिशेब दर तीन वर्षांत एकदा तरी फसतोच. दिवस मोजत बसण्यापेक्षा महिन्याच्या नावापासून सुरुवात करावी: आधी निज भाद्रपद शोधायचा, मग शुद्ध पक्ष, मग चतुर्थी. जन्मच अधिक महिन्यातला असेल, तरी वाढदिवस एरवी त्याच नावाच्या नेहमीच्या महिन्यात धरतात. नाहीतर अधिक श्रावणात जन्मलेल्या मुलाला वाढदिवसासाठी कित्येक वर्षे ताटकळावे लागेल.

महिना सापडला, तरी दिवस ठरलेला नसतो. २०२६ मध्ये चतुर्थी १४ सप्टेंबरला सकाळी सात वाजून गेल्यावर लागते आणि १५ तारखेला पावणेआठच्या सुमारास संपते. मुंबईत सूर्योदय साडेसहाच्या थोडा आधी होतो. म्हणजे १४ तारखेच्या सूर्योदयाला तृतीया आहे आणि १५ च्या सूर्योदयाला चतुर्थी. गणपती मात्र १४ तारखेलाच बसणार. ‘गणपतीच त्या दिवशी येतात, मग वाढदिवस दुसऱ्या दिवशी कसा?’ ही शंका रास्त आहे. पण गणेश चतुर्थीला मध्यान्हकाळी चतुर्थी असावी लागते आणि ती १४ तारखेलाच मिळते. तो नियम गणेशपूजेचा आहे, चतुर्थीला येणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा नाही. रामनवमी मध्यान्हाने ठरते, संकष्टी चंद्रोदयाने, लक्ष्मीपूजन प्रदोषकाळाने. वाढदिवसाला यातला कोणताच नियम लागू नाही. त्याला सूर्योदयाची तिथी धरतात. त्या हिशेबाने आपल्या मुलीचा वाढदिवस १५ सप्टेंबरला येतो.

एवढ्यावर थांबले तरी चालेल, पण शास्त्राचा बारकावा पाहायचा तर प्रकरण आणखी रंगते. अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी लिहिलेल्या ‘धर्मसिंधु’त वाढदिवसाच्या विधीचा, म्हणजे वर्धापनाचा, निर्णय दिला आहे. जन्मतिथी दोन दिवसांवर पसरली असेल, तर जिथे जन्मनक्षत्रही जुळते तो दिवस घ्यावा. नक्षत्राने निकाल लागत नसेल, तर सूर्योदयाची तिथी घ्यावी, पण ती सूर्योदयानंतर दोन मुहूर्त, म्हणजे सुमारे दीड तासाहून थोडी अधिक, टिकणारी हवी. तेवढी टिकत नसेल, तर आदला दिवस. आपल्या मुलीचे नक्षत्र हस्त; ते १४ किंवा १५ सप्टेंबरच्या चतुर्थीत नाहीच. मुंबईत १५ तारखेला सूर्योदयानंतर चतुर्थी जेमतेम सव्वा तास उरते, म्हणून या नियमाने दिवस पुन्हा १४ वर जातो. नागपुरात त्याच दिवशी सूर्य सहाच्या सुमारास, म्हणजे मुंबईपेक्षा साधारण पंचवीस मिनिटे आधी उगवतो. तिथे चतुर्थी दोन मुहूर्तांची मर्यादा काठावर का होईना ओलांडते आणि १५ तारीख टिकते. दोन्ही गावांत तिथी एकाच क्षणी संपते, फरक फक्त सूर्योदयाचा आहे. लंडनला पाठवलेल्या शुभेच्छांचेही तेच. तिथले घड्याळ तेव्हा साडेचार तास मागे असते, चतुर्थी १५ तारखेला पहाटे सूर्योदयापूर्वीच संपते, म्हणून तिथे १४ शिवाय दुसरा दिवसच नाही. मुलगी लंडनमध्ये वाढत असेल, तर मुंबईच्या कॅलेंडरातली तारीख तिच्या कामाची नाही.

असा काथ्याकूट करण्यापेक्षा तारखेनेच वाढदिवस करावा, हा आक्षेप उरतोच. त्यावर भांडण्याचे कारण नाही. तारीख सोपी आहे आणि शाळेत तीच चालते. पण ‘पंचांगांचे आपसांत पटत नाही, म्हणून तिथीला अर्थ नाही’ हे म्हणणे मला मान्य नाही. एका घरात १४ आणि दुसऱ्या घरात १५ आली, तर बहुधा कोणाचेच गणित चुकलेले नसते. एकाने निव्वळ सूर्योदय पाहिलेला असतो, दुसऱ्याने दोन मुहूर्तांची अट लावलेली असते, किंवा दोघांची गावे वेगळी असतात. घराने एक नियम ठरवून तोच दरवर्षी वापरला की वाद संपतो. असे पेच दरवर्षी येतही नाहीत. २०२७ मध्ये चतुर्थी ४ सप्टेंबरला सूर्योदयालाही आहे आणि मध्यान्हीही. गणपती आणि वाढदिवस दोन्ही त्याच दिवशी.

एखादी तिथी दोन सूर्योदयांना असते आणि एखादी एकाही सूर्योदयाला नसते. त्या वृद्धी आणि क्षय तिथींचा वाढदिवस पुढच्या भागात पाहू. तोवर घरातल्या मुलांच्या जन्मनोंदी काढून ठेवा. नुसती तिथी लिहिलेली असेल, तर तिच्याशेजारी जन्माची वेळ, गाव आणि महिना अधिक की निज, एवढे आठवणीने लिहा.