१०११ ओळखणारं यंत्र : चार वर्तुळं, आठ बाण

तारेवरून एकामागून एक बिट येत आहेत, कधी ०, कधी १. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला एक. मागचा सगळा प्रवाह साठवून ठेवायला यंत्राकडे जागा नाही आणि पुढे काय येणार हे त्याला दिसत नाही. तरीही १, ०, १, १ हे चार बिट या क्रमाने आले, की शेवटचा बिट येताक्षणी त्याने बाहेर १ द्यायचा आणि एरवी ० देत राहायचं. इलेक्ट्रॉनिक्सच्या अभ्यासक्रमात याला 'सिक्वेन्स डिटेक्टर' म्हणतात. हे यंत्र बांधण्याआधी त्याचा स्टेट डायग्राम काढावा लागतो आणि खरं डोकं तिथेच चालवावं लागतं.

सुरुवात एका प्रश्नापासून करायची : यंत्राने लक्षात काय ठेवायचं? हजार बिट येऊन गेले असले तरी त्यांतले बहुतेक आता निरुपयोगी असतात. उपयोगी असतं ते एवढंच, की आलेल्या बिटांच्या शेपटाशी १०११ ची किती सुरुवात जुळलेली आहे. याची उत्तरं चारच होऊ शकतात : काहीच जुळलेलं नाही, '१' जुळला, '१०' जुळलं, '१०१' जुळलं. प्रत्येक उत्तरासाठी एक वर्तुळ काढायचं. पुस्तकांत या वर्तुळांना एस-शून्य, एस-एक अशी नावं देतात. मी मात्र प्रत्येक वर्तुळात जुळलेले बिटच लिहावेत असं आग्रहाने सांगेन. पुढचे निम्मे प्रश्न त्या लिहिण्यानेच सुटतात.

प्रत्येक वर्तुळातून दोन बाण निघतात, एक ० आल्यास आणि एक १ आल्यास. म्हणजे एकूण आठ बाण. त्यांतले पुढे नेणारे सोपे आहेत. 'काही नाही'मध्ये १ आला की '१', तिथे ० आला की '१०', तिथे १ आला की '१०१'. इथवर सगळ्यांचं बरोबर येतं. आकृती चुकते ती हवा तो बिट न आल्यावर कुठे जायचं हे ठरवताना.

त्यासाठी नियम एकच आहे. नवा बिट जोडून जी ओळ तयार होते, तिच्या शेपटाकडून पाहायचं आणि १०११ च्या सुरुवातीशी जुळणारा सर्वांत लांब तुकडा शोधायचा. त्या तुकड्याच्या वर्तुळात जायचं. 'काही नाही'मध्ये ० आला तर जुळण्यासारखं काहीच नाही, म्हणून तिथेच थांबायचं. '१'मध्ये १ आला तर ओळ झाली ११. दोन्ही १ मिळून उपयोगाचे नाहीत, पण शेवटचा १ नव्या सुरुवातीसाठी चालतो. म्हणून हा बाण फिरून '१'मध्येच येतो. '१०'मध्ये ० आला तर ओळ १००, हिच्या शेपटात काही उरत नाही, इथे खरोखरच पहिल्यापासून सुरुवात.

राहिलं '१०१' हे वर्तुळ. इथे ० आला तर ओळ १०१० होते. चौथा बिट हवा तसा आला नाही, म्हणून सगळं पुसून 'काही नाही'कडे जावंसं वाटतं. पण शेपटाकडे पाहा : शेवटचे दोन बिट १० आहेत आणि ते १०११ ची पहिली दोन घरं आहेत. म्हणून बाण '१०'कडे जायला हवा.

आणि इथे १ आला तर क्रम पूर्ण, बाहेर १. पण त्यानंतर कुठे? इथे 'ओव्हरलॅपिंग' ही अट कामाला येते : एका जुळणीत वापरलेला बिट पुढच्या जुळणीतही चालेल. १०११ ची सुरुवात १ ने होते आणि शेवटही १ ने. म्हणून हा बाण '१'कडे जातो. १०११०११ या सात बिटांत चौथ्या बिटावर पहिली खूण होते आणि तोच चौथा बिट दुसऱ्या जुळणीचा पहिला ठरून सातव्यावर दुसरी खूण मिळते. ओव्हरलॅप नको असेल तर हा एकच बाण 'काही नाही'कडे वळवायचा. मग याच सात बिटांत एकच खूण मिळेल. बाकीचे सात बाण जसेच्या तसे राहतात.

क्नूथ, मॉरिस आणि प्रॅट यांनी १९७७ मध्ये मजकुरात शब्द शोधण्याची जी प्रसिद्ध रीत मांडली, तिच्या मुळाशी शेपूट आणि सुरुवात जुळवण्याचा हाच विचार आहे.

'१०१'मधला तो ० चा बाण चुकला तर काय होतं, हे पाहण्यासाठी इथरनेटचं उदाहरण घेऊ. इथरनेटच्या प्रत्येक फ्रेमआधी ६४ बिट येतात. आधी १०१० अशी सलग आवर्तनं आणि अगदी शेवटी १०१०१०११. म्हणजे खरी माहिती सुरू होण्याआधीचे शेवटचे चार बिट १०११ च असतात. प्रत्यक्षातले रिसीव्हर वेगळ्या तऱ्हेने बांधलेले असतात, पण आपलं यंत्र या प्रवाहावर चालवून पाहता येतं. योग्य आकृती '१०' आणि '१०१' यांच्यामध्ये येरझारा घालत राहते आणि शेवटचा १ येताच खूण करते. चुकीची आकृती दर चार बिटांनी सगळं विसरते. ६४ ला चारने पूर्ण भाग जातो, त्यामुळे पहिल्या बिटापासून ऐकलं तर तिचंही उत्तर बरोबर येतं! पण सुरुवातीचे दोन बिट निसटले, तर शेवटचे दोन १ तिच्या दृष्टीने नव्या गटाचे ठरतात आणि खूण होतच नाही. वाहक सिग्नलशी जुळवून घेताना रिसीव्हरकडून सुरुवातीचे काही बिट निसटू शकतात. म्हणजे हा दोष कधी दिसेल, कधी लपेल. असा दोष शोधणं फार जिकिरीचं असतं.

या यंत्राची मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी. बिट अगदी कसेही येत असतील, तर चार बिटांचा हा क्रम सरासरीने दर १६ बिटांमागे एकदा आपोआपच जुळतो. फ्रेम सुरू झाल्यावर माहितीच्या बिटांतही यंत्र खुणा करत राहील, म्हणून तेव्हा त्याच्याकडे दुर्लक्ष करण्याची सोय हवी.

आपण काढली ती मीली पद्धतीची आकृती, जिथे उत्तर बाणावर लिहिलेलं असतं. दुसरी मूर पद्धत, तिथे उत्तर वर्तुळात लिहितात आणि म्हणून '१०११' हे पाचवं वर्तुळ लागतं. त्यातून ० आल्यास '१०'कडे आणि १ आल्यास '१'कडे जायचं. जॉर्ज मीली यांचा लेख १९५५ चा, एडवर्ड मूर यांचा १९५६ चा, दोघंही बेल लॅब्जमधले. चार वर्तुळांना दोन फ्लिप-फ्लॉप पुरतात, पाचाला तीन लागतात. मूरचं उत्तर घड्याळाच्या पुढच्या ठोक्याला मिळतं, पण ते त्या पूर्ण ठोक्यात स्थिर राहतं. मीलीचं लगेच मिळतं, मात्र येणारा बिट मध्येच थरथरला तर बाहेरचं उत्तरही थरथरतं. परीक्षेत दोन्ही चालतात. उत्तरावर पुढचं सर्किट थेट अवलंबून असेल, तर मी मूरच निवडेन.

आकृती काढून झाली की बोट ठेवून या चार ओळी तिच्यावर चालवून पाहा. १०११०११ मध्ये चौथ्या आणि सातव्या बिटावर खूण यायला हवी. १०१०११ मध्ये सहाव्यावर, ११०११ मध्ये पाचव्यावर. आणि १००११ मध्ये एकही नाही. यांतली एखादी ओळ चुकली, तर पुढे नेणारे बाण सोडा आणि मागे येणारे आधी तपासा.