तोट्यातला ऑप्शन रोल करताय? आधी हा हिशेब मांडा

मंडळी, ओरोसला बसूनही मोबाइलवर निफ्टीचे ऑप्शन विकता येतात. पण विकलेला कॉल तोट्यात गेला की अनेक जण म्हणतात, "पुढच्या आठवड्यात रोल करू." म्हणजे नेमकं काय होतं, ते एका काल्पनिक उदाहरणातून बघू.

तुम्ही २५,००० चा कॉल १०० रुपयांना विकला. एक्स्पायरीच्या आदल्या दिवशी निफ्टी २५,१५० वर आहे आणि कॉल १७० ला. रोल करायचं तर तो १७० ला परत घ्यायचा. इथे ७० रुपयांचा तोटा पक्का झाला. मग पुढच्या आठवड्याचा २५,१०० चा कॉल २०५ ला विकायचा. सगळं मिळून जमा १३५.

आता निफ्टी २५,१५० वरच थांबला, तर ५० द्यायचे आणि ८५ उरतात. इथे रोल कामी आला. पण तो २५,४०० ला गेला, तर ३०० द्यायचे. तोटा १६५! आदल्या आठवड्यात ७० वर सुटला असता. हे आकडे एका युनिटचे आहेत. लॉट साइजने गुणून बघा.

म्हणून स्वतःला एकच प्रश्न विचारा: हातात काहीच नसतं, तर हा नवा कॉल मी आज विकला असता का? उत्तर 'हो' असेल, परत घ्यायला लागतात त्यापेक्षा जास्त पैसे नव्या विक्रीतून मिळत असतील आणि लॉट वाढवावे लागत नसतील, तरच रोल करा. नाहीतर तुम्ही तोटा फक्त पुढे ढकलताय.