चहाचा मेसेज बंद झाला

पुण्यातल्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीतले दोघं डोळ्यांसमोर आणा. मृणाल टेस्टिंगमध्ये, निखिल डेव्हलपर. टीम एकच, त्यामुळे बोलणं रोजचं. साडेचार वाजले की निखिलचा मेसेज यायचा, ‘चहा?’ तिनं एखादा बग पकडला की तो लॅपटॉप उचलून थेट तिच्या डेस्कपाशी यायचा. एका सोमवारी जेवताना मैत्रिणीनं विचारलं, रविवारी काय केलंस? मृणाल म्हणाली, “मुळशीला गेलो होतो. मी आणि अद्वैत.” “अद्वैत कोण गं?” “अगं, सांगितलं नाही का? वर्ष होईल आता आम्हाला.” डबे आवरले गेले, सगळे उठले. त्या दिवशी चहाचा मेसेज आला नाही, पुढेही आला नाही. बोलणं ‘ओके’, ‘बघतो’, ‘तिकिटात टाक’ एवढ्यावर आलं.

मृणाल आणि निखिल काल्पनिक आहेत, पण असा अनुभव आलेली माणसं प्रत्येक ऑफिसात सापडतील. स्त्री-पुरुष उलटे करूनही प्रसंग हाच राहतो. मृणाल विचारते, “माझं काय चुकलं?” आणि मैत्रीण सांगते, “त्याला तू आवडत होतीस, दुसरं काय!” हे बहुधा खरं असतं, पण तेवढ्यानं उलगडा होत नाही. आवडत होती, तर त्यानं कधी विचारलं का नाही? आणि विचारलंच नव्हतं, तर आता रुसवा कशाचा?

सुरुवात मोकळेपणाच्या वाचनापासून होते. अँटोनिया अ‍ॅबी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचा 1982 सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. एक तरुण आणि एक तरुणी पाच मिनिटं गप्पा मारतात, आणि दुसरी एक जोडी लपून त्यांच्याकडे बघते. नंतर चौघांनाही त्या दोघांच्या वागण्याबद्दल विचारलं जातं. तरुणीच्या साध्या मैत्रीपूर्ण वागण्यात पुरुषांना स्त्रियांपेक्षा जास्त लैंगिक रस दिसला. बोलणाऱ्या पुरुषालाही आणि लपून बघणाऱ्यालाही. पुढे 2000 साली मार्टी हेझल्टन आणि डेव्हिड बस यांनी त्याचं एक कारण मांडलं. उत्क्रांतीच्या हिशेबात पुरुषाला खरी संधी हुकणं महाग पडत होतं, नसलेली संधी दिसणं त्यामानानं स्वस्त; म्हणून चूक झालीच तर ती ‘तिला मी आवडतो’ या बाजूला झुकते. हा हिशेब सगळ्यांनाच पटतो असं नाही. पण रोज डेस्कशी भेट, एकत्र चहा, एकमेकांच्या विनोदांना हसणं, एवढ्या ऐवजावर माणूस मनात बरंच काही बांधू शकतो, हे सांगायला उत्क्रांतीची गरजही नाही.

एकतर्फी प्रेमावरचं रॉय बॉमाइस्टर आणि सहकाऱ्यांचं 1993 चं संशोधन मला या बाबतीत अधिक उपयोगाचं वाटतं. त्यांनी दोन्ही बाजूंच्या माणसांकडून त्यांच्या हकिकती लिहून घेतल्या. प्रेम करणाऱ्यांना वाटत होतं की समोरूनही ओढ होती, आपल्याला आशा लावली गेली आणि स्पष्ट नकार कधी मिळालाच नाही. नकार देणाऱ्यांना वाटत होतं की आपण आशा लावलीच नव्हती. तरीही त्यांना अपराधी वाटत होतं, आणि नेमकं कसं वागायचं ते कळत नव्हतं. झुरणाऱ्यानं काय करायचं हे सिनेमांनी पाठ करून दिलेलं आहे, नकार देणाऱ्यासाठी मात्र तसा पाठ नाही.

मृणालच्या बाबतीत तर नकारही दिला गेला नाही. मुळशीच्या गप्पांमध्ये तो आपोआप घडला, तोही चारचौघांत. निखिलनं काही विचारलंच नव्हतं, म्हणून त्याला ‘वाईट वाटलं’ असं म्हणता येत नाही. मृणालनं काही नाकारलं नव्हतं, म्हणून तिला ‘सॉरी’ म्हणता येत नाही. शिवाय टीमला हे सगळं आधीच कळलं असेल का, या शंकेनं त्याला शरमल्यासारखं होतं. उरतं ते अंतर ठेवणं.

अर्थात निखिल दुखावलाच असेल असं नाही. काही जण जोडीदार आहे हे कळल्यावर मुद्दाम सावरून वागतात. ऑफिसात चर्चा नको, तिच्या घरी गैरसमज नको. दिसायला हाही कोरडेपणाच, पण यात माणूस बोलताना डोळ्यांत बघतो, चारचौघांत पूर्वीसारखाच हसतो, फक्त एकट्यानं चहाला जाणं टाळतो. दुखावलेला माणूस चारचौघांतही नजर चुकवतो. तिसरी शक्यता अगदी साधी: त्याच आठवड्यात रिलीज असेल, अप्रेझल बिनसलं असेल, आणि तो सगळ्यांशीच तुटक वागत असेल. तारीख जुळली म्हणून कारणही जुळलं असं होत नाही.

म्हणून तर्क लढवण्याआधी बघावं की नेमकं काय बंद झालं. मृणालनं तिकिटं काढून पाहिली. तिचे बग इतरांच्या बगांइतक्याच वेळात सुटत होते. ‘माझ्या मशीनवर हा बग दिसत नाही’ असं लिहून परत पाठवलेली तिकिटं पूर्वी होती तेवढीच होती. मीटिंगचं निमंत्रण येत होतं. गेलं होतं ते चहा, थट्टा, डेस्कशी येऊन समजावणं. हे सगळं जास्तीचं होतं. ते देणं त्याच्या मर्जीवर होतं आणि थांबवणंही. मृणालला त्याचं वाईट वाटणं साहजिक आहे, मैत्री मैत्रीसाठी होती असं ती धरून चालली होती. पण तक्रार करावी असं त्यात काही नाही.

इथं लोक एक घोडचूक करतात. “हल्ली बोलत नाहीस, माझं काही चुकलं का?” असा लांबलचक मेसेज रात्री पाठवतात. त्यावर त्यानं ‘तसं काही नाही’ याशिवाय काय लिहावं? काही जणी उलट जास्त गोड वागतात, त्यातून मावळत आलेली आशा पुन्हा पालवते. त्यापेक्षा नमस्कार-चमत्कार पूर्वीइतकाच ठेवावा, चहाला टीममधल्या दोघा-तिघांसोबत जावं, आणि अद्वैतचं नाव मुद्दाम घेऊ नये, मुद्दाम गाळूही नये. दुखावलेपण खरंच असेल, तर त्याला निवळायला वेळ लागतो, आणि तो वेळ माणूस शक्यतो कुणाला न दाखवता काढतो.

तिकिटांचं चित्र वेगळं निघालं असतं, म्हणजे फक्त तिचेच बग पडून राहिले असते, बदलांची माहिती तिलाच उशिरा मिळाली असती, तर बोलायलाच हवं होतं, पण कामापुरतं. “निखिल, परवाचा बदल मला रिलीजच्या दिवशी कळला. पुढच्या वेळी तिकिटात आदल्या दिवशी टाकशील?” यात मनातलं काही नाही, म्हणून उत्तर टाळायला जागाही नाही. तरी फरक पडला नाही, तर तारखांसह टीम लीडकडे जावं.

निखिल तिचा वरिष्ठ असता, तर गोष्ट वेगळी झाली असती. साहेबाचा थंडपणा रेटिंगमध्ये, प्रोजेक्टच्या वाटपात उतरू शकतो. नुसता अबोला 2013 च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळविरोधी कायद्यात बसत नाही. मात्र आधी नकोशी लगट, सूचक बोलणं किंवा मागणी झालेली असेल आणि त्याच संदर्भात कामात अडवणूक, धमकी किंवा अपमान सुरू झाला, तर तो छळ ठरू शकतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे, आणि तिथं शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत देऊ शकते. या कायद्याखाली तक्रार स्त्रियाच करू शकतात. पुरुषाला अशी अडवणूक सोसावी लागली, तर त्याला कंपनीच्या स्वतःच्या नियमांचा आधार घ्यावा लागतो. दोघांसाठीही जुने मेसेज पुसून न टाकणं शहाणपणाचं, विशेषतः चहाच्या काळातले, कारण काय बदललं आणि कधी बदललं ते त्यांतूनच दाखवता येतं.