दारात थोडी थंडी वाजू द्या

जानेवारीतली शिकागोची सकाळ. पारा उणे 5 अंशांवर, आणि मिशिगन सरोवरावरून ताशी 30 किलोमीटरने येणारा वारा. उघड्या त्वचेला ही थंडी उणे 13 अंशांसारखी झोंबते. तरीही सरोवराकाठच्या रस्त्यावर धावणारे जाड जाकीट घालत नाहीत.

धावताना शरीर भरपूर उष्णता तयार करतं. म्हणून हवा आहे त्यापेक्षा सुमारे 10 अंश उबदार आहे असं समजून कपडे निवडायचे. दारातून बाहेर पडताच अंगावर शिरशिरी आली, तर निवड बरोबर. पहिल्या दहा मिनिटांत ती जाते. दारातच उबदार वाटलं, तर पुढे घाम फुटणार हे नक्की. ओले कपडे उष्णता झपाट्याने ओढून घेतात, आणि वेग मंदावला की हुडहुडी भरते. सुती बनियन घाम धरून ठेवतं, म्हणून आत सिंथेटिक किंवा मेरिनो लोकरीचा पातळ टीशर्ट हवा.

त्यावर वारा अडवणारं पातळ विंडचीटर. त्याची चेन मात्र पुढे, म्हणजे उकडू लागताच उघडता येते. पायांचे मोठे स्नायू स्वतःच तापतात. त्यांना एक टाइट्स पुरते. बोटांचं तसं नाही. थंडीत शरीर तिथला रक्तपुरवठा आखडतं, म्हणून हातमोजे हवेतच.

जाताना वारा तोंडावर घ्यावा, परतताना पाठीवर. घामेजल्या छातीवर गार झोत येत नाही.

वाऱ्यासह जाणवणारं तापमान उणे 28च्या खाली गेलं, तर उघडी त्वचा 10 ते 30 मिनिटांत गोठू शकते. त्या दिवशी ट्रेडमिलवरच धावावं.