बाघ प्रिंटचा चेहरा

धार जिल्ह्यातल्या बाघ गावचं ठशांनी छापलेलं कापड विकायला इन्फ्लुएन्सर निवडताना फॉलोअर्सच्या आकड्याआधी प्रतिक्रिया वाचाव्यात. ‘ताई, सुती आहे का? रंग जातो का?’ असं विचारणारं गिऱ्हाईक असतं. नुसते बदाम टाकणारे बहुधा नसतात. निवडलेली व्यक्तीच काल यंत्रावर छापलेली स्वस्त नक्कल मिरवत असेल, तर तिच्या तोंडचं हातछपाईचं कौतुक कोण खरं मानेल?

प्रतिमा करारानंतरही बदलते. तंदुरुस्तीसाठी ओळखल्या जाणाऱ्या अक्षय कुमारने विमलच्या वेलचीच्या जाहिरातीवरून टीका होताच एप्रिल २०२२मध्ये माफी मागून माघार घेतली. पण करारामुळे जाहिरात पुढेही दिसू शकेल, हे त्यालाच सांगावं लागलं. म्हणून व्हिडिओ किती दिवसांत उतरवायचे आणि उरलेले पैसे कुणाचे, हे आधीच लिहून घ्यावं.